नावाची नोंद

जळगावात संशोधन करणाऱ्या दीपमालाने टीव्हीवरच्या बातम्यांच्या मोजणीसाठी संकेतपुस्तिका, म्हणजे बातमीत काय आहे ते कसं नोंदवायचं याची नियमावली, तयार केली. चाचणीच्या चाळीस बातम्या तिने आणि तिचा मदतनीस असलेल्या धुळ्याच्या प्रशीलने स्वतंत्रपणे तपासल्या. 'मृताचे नाव दिले आहे का?' एवढ्या साध्या प्रश्नावर दोघांच्या उत्तरांच्या जुळणीचा, योगायोगाने जुळलेली वजा करून काढलेला आकडा एकपैकी ०.५५ निघाला, निदान ०.८० तरी हवा होता. न जुळलेल्या नऊही नोंदी नरडाण्याच्या एका कारखान्यातल्या स्फोटाच्या होत्या.

"यात फक्त 'एक कामगार' म्हटलंय, प्रशील. तू 'होय' का लिहिलंस?"

"स्ट्रेचरवर पाय दिसतात ना, ताई. माझ्या वडलांचे आहेत. त्यांचं नाव आधार."

दीपमालाने पडद्यावरची बातमी बंद केली. "तू हे काम सोड," ती म्हणाली.

"नको. तुम्ही नियम लिहा."

तिने पुस्तिकेत लिहिलं : नाव ऐकू आले किंवा पडद्यावर दिसले तरच 'होय'. तपासणाऱ्याची स्वतःची माहिती धरू नये.

मग नव्या चाळीस बातम्या घेतल्या. त्यातही तो स्फोट पाच वाहिन्यांवर होता. आकडा ०.९० आला. पाचही ठिकाणी प्रशीलने 'नाही' लिहिलं होतं.

तो व्हरांड्यात खाली मान घालून बसला होता. दीपमाला त्याच्याशेजारी जाऊन बसली, पण आकडा काही तिला सांगवला नाही.