लंबूची निवड

तो दातांच्या कवळ्या बनवायचा. बायको रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात फोन घ्यायची. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या सहकाऱ्याला सगळे लंबू म्हणत. घरी व्हिडिओ गेम खेळायची वेळ आली की तिच्या तोंडी लंबूचंच नाव.

"लंबूने सुचवलेला तो बागेचा गेम काय सुंदर आहे रे."

त्याने गुपचूप पाहिलं. समीक्षकांचे सरासरी गुण होते शंभरात एकाहत्तर. एवढ्यावर ही खूश? त्याने पंच्याण्णव गुणांचा गेम आणला. ट्रेलर तर डोळे दिपवणारा होता. ती दोन संध्याकाळी मन लावून खेळली, तिसऱ्या दिवशी परत बागेत गेली.

आपल्याला संसाराच्या सात वर्षांत जे कळलं नाही, ते त्या उंटाला कसं कळलं?

शेवटी त्याने विचारलंच. "का सोडलास?"

"चांगला आहे रे. पण कोपऱ्यात सतत घड्याळ उलटं धावतं. दिवसभर ऑफिसात तेच बघते मी."

"लंबूला हे माहीत होतं?"

"त्याने विचारलं होतं, कुठले गेम अर्धवट सोडलेस आणि का."

विचारलं होतं. एवढंच. त्याला स्वतःचाच राग आला, आणि लंबूचा त्याहून जास्त.

या वेळी त्याने गुणांकडे पाहिलंच नाही. खेळणाऱ्यांचे अभिप्राय वाचले, त्यातही तक्रारी आधी. एका जुन्या दीपगृहाच्या गेमबद्दल एकाने चिडून लिहिलं होतं, 'काही घडतच नाही, नुसती डागडुजी करत बसा.' हा लिहिणारा एका तासात कंटाळून उठला होता. चाळीस तास खेळलेल्या बाईने लिहिलं होतं, 'घाई नाही म्हणून जीव रमतो.' दोघांनी गेमचं वर्णन एकच केलं होतं, फक्त आवड वेगळी होती. मग त्याने कुणीतरी न कापता टाकलेला खेळाचा व्हिडिओ लावला, मुद्दाम मधूनच, आणि घड्याळ दिसतंय का ते बघत राहिला. दिसलं नाही.

शनिवारी दुपारी बायकोने दीपगृहाच्या काचा पुसायला घेतल्या त्या जेवण विसरून.

"कुणी सुचवला?"

"मीच शोधला."

तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्याची छाती फुगली. तेवढ्यात तिने फोन उचलला. "लंबूला सांगते. तोही येईल खेळायला."

"दोघांनाच खेळता येतो," तो घाईने म्हणाला. "तसं लिहिलंय तिथे."

"ते बघूनच घेतलास ना?"

त्याला खोटं बोलता येईना.

"हो," तो म्हणाला.

तिने फोन बाजूला ठेवला आणि हसू दाबत दुसरा कंट्रोलर त्याच्या हातात दिला. लंबूला मात्र तिने सोमवारी ऑफिसात सांगितलंच. संध्याकाळी तिने येऊन कौतुकाने कळवलं, "म्हणाला, छान निवडलाय."

पुढचा अर्धा तास त्याला लंबूचं ते कौतुकही गिळवेना.