सातवा प्रश्न
मूळ परदेशी प्रश्नमंजुषेच्या कार्यक्रमात सातवा प्रश्न बेसबॉलचा होता आणि तिकडच्या चाचणीत दहापैकी चौघांनाच तो आला होता. मराठी संहिता लिहिणाऱ्या ताईंनी त्याजागी क्रिकेट संघात किती खेळाडू असतात, असं कॅन्टीनमध्ये विचारून पाहिलं. दहाही जणांनी चहाच्या कपातून डोकं वर न काढता अकरा सांगितलं.

"चालेल की!" निर्माता म्हणाला.

"नाही चालणार. सातव्या प्रश्नावर स्पर्धकाला घाम फुटला पाहिजे."

ताई हट्टालाच पेटल्या. आणखी तीन प्रश्न खोडून त्या संकलन विभागातल्या दहा जणांकडे गेल्या.

"खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या संघाचे किती जण चौकोनात बसतात?"

सहा जण छातीठोकपणे नऊ म्हणाले. नववा पळत असतो हे ओळखून चौघांनी आठ सांगितलं.

ताईंनी खुशीत प्रश्न पक्का केला आणि आठवा हातात घेतला.