बोटांनी फिरलेला नट

येरवड्याच्या रस्त्यावर श्यामलाताईंची गाडी पुढच्या उजव्या बाजूनं डांबरावर बसली होती. तिथलं चाक निखळून, दुभाजकावरून उडून पलीकडच्या रसवंतीच्या बाकावर आदळलं होतं. बाक मधोमध मोडला होता.

"दोघं आत्ताच उठून गेले इथून," रसवंतीवाला पुन्हापुन्हा सांगत होता.

श्यामलाताईंनी फोन करून बोलावलं म्हणून योगेश आला होता. खडकीच्या गॅरेजात सोळा वर्षं मेस्त्री होता तो. या गाडीचे ब्रेक पॅड कालच त्यानं बदलले होते.

"सकाळपासून टकटक वाजत होतं, स्टिअरिंगही थरथरत होतं," श्यामलाताई म्हणाल्या. "म्हटलं, कालच सर्व्हिसिंग झालंय, तुम्ही बघितलंच असेल."

योगेश वाकला. ज्यांवर नट बसतात त्या पाच स्टडपैकी तीन तुटले होते आणि चाकाची भोकं घासून लांबट झाली होती. सैल चाक आतल्या आत हलत राहिलं, की असंच होतं.

काल त्यानं गाडी जॅकवर असताना नट नुसते टेकवले होते. खाली उतरवून टॉर्क पान्यानं ठरावीक जोरात आवळायचे, तर पाना गॅरेजातल्या जोडीदाराकडे, रणजितकडे होता. रणजित करेल, असं योगेशनं धरलं. योगेशनं केलं, असं रणजितनं धरलं. आणि मग योगेशला आठवलं, शेजारी दुसऱ्या गिऱ्हाइकाची, केदारची गाडीही तशीच उतरवली होती!

फोन केदारच्या बायकोनं, शेफालीनं उचलला. "आम्ही साताऱ्याला निघालोय. कात्रजजवळ आहोत."

"वहिनी, आधी गाडी बाजूला घ्यायला सांगा. चाकाचे नट सैल असतील. मी येईपर्यंत हलू नका."

श्यामलाताईंसाठी टोइंगवाल्याला फोन करून, रणजितला पाना घेऊन थेट कात्रजला यायला सांगून त्यानं मोटरसायकल काढली. स्वारगेटचे सिग्नल संपता संपेनात.

रणजित आधीच पोचला होता. योगेश चाकापाशी बसला आणि पहिल्या नटाला हात लावला. नट बोटांनी फिरला. दुसराही.

"इतका सैल?" केदारनं वाकून पाहिलं. मागच्या सीटवर त्यांची चार वर्षांची सृष्टी झोपली होती.

गाडी उचलून योगेशनं चाक काढलं, स्टड, आटे आणि भोकं निरखून पाहिली. शाबूत होती. चाक बसवून, नट टेकवून त्यानं गाडी खाली घेतली. पान्यावर कंपनीनं दिलेला आकडा लावून एक नट आवळला, मग शेजारचा सोडून समोरचा, चांदणी काढावी तसा.

"ओळीनं का नाही?" शेफालीनं विचारलं.

"एका बाजूनं दाबलं तर चाक तिरकं बसतं, वहिनी. मग नंतर सैल होतं."

पाचही नटांवर पान्यानं पुरेसं आवळल्याचा 'कट्' आवाज दिला. उरलेली तिन्ही चाकंही त्यानं तपासली.

"पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्या. चूक माझी आहे. श्यामलाताईंच्या गाडीचं चाक आज रस्त्यात निखळलं, म्हणून आठवलं."

केदारनं मागचं दार उघडलं आणि झोपलेल्या पोरीच्या पायावर हात ठेवून तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.