न फुटलेलं दूध

मावशींना जगात फारसं कोणी पसंत नव्हतं. शेजारीण चोंबडी, दूधवाला आळशी, समोरचा शिंपी तर नुसता आ वासून बसणारा. त्यांच्या पाळणाघरात येणाऱ्या पोरांच्या आयांबद्दल त्यांचं मत होतं की यांना मूल झालं हीच मोठी चूक, आणि ती चूक निस्तरायला देवानं आपल्याला जन्माला घातलं. पण या सगळ्यांचा एकत्र करून जेवढा तिटकारा व्हावा, तेवढा एकट्या सुनेच्या वाट्याला येई.

सून हळू बोले, हळू चाले आणि विचारल्याशिवाय तोंड उघडत नसे. मावशींच्या हिशेबी हा मंदपणा होता. "हिच्या डोक्यात उजेड पडायला सूर्य दोनदा उगवायला हवा," असं त्या पोरांची अंगं पुसता पुसता सुनेच्या देखतच सांगत, आणि सून लंगोट वाळत घालत राही.

याच्या उलट मुलगा. राजा. राजाच्या नोकऱ्या टिकत नव्हत्या, कारण मालक लोकांना माणसाची पारख नसते. राजा दुपारचा झोपे, कारण त्याची प्रकृती नाजूक. रोज संध्याकाळी दुधाच्या पातेल्याच्या कडेची साय खरवडून खाई, कारण वाढत्या वयात खाल्लेलं अंगी लागतं. राजाचं वय वाढून वाढून तिशीपुढे गेलं होतं.

पाळणाघर म्हणजे दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. फ्रिज होता, पण पावसाळ्याच्या आधीच त्यानं मान टाकली होती आणि आता त्यात पोरांच्या चपला ठेवत. मावशींना त्याचं दुःख नव्हतं. "फ्रिज आळशी बायकांसाठी असतो," त्या म्हणत. "आमच्या आयांनी काय दूध उन्हात नासवलं?"

आणि खरोखर, दुधाच्या बाबतीत त्यांचं काही चुकत नसे. सकाळी दूध आलं की पातेल्यात आधी घोटभर पाणी, मग दूध, म्हणजे बुडाला लागत नाही. वर आलं की आच बारीक आणि मग काही वेळ ढवळत उकळू द्यायचं. नुसतं एकदा वर आलं म्हणून उतरवायचं नाही. मग पातेलं थंड पाण्याच्या परातीत. पाणी कोमट झालं की बदलायचं. गरम दुधावर गच्च झाकण नाही, जाळी. नाहीतर वाफ धरून पाणी परत आत टपकतं. निवल्यावर पातेल्याला ओलं फडकं गुंडाळून परातीसकट खिडकीखालच्या सावलीत, चुलीपासून लांब. दुपारी परत एकदा उकळी. डाव कोरडा आणि स्वच्छ. आणि सकाळच्या दुधात नवं दूध कधीही ओतायचं नाही. हे सगळं त्या सुनेला रोज नव्यानं सांगत, जणू ती आजच घरात आली आहे.

संशय आला तर तपासणी त्या स्वतः करत. आधी नाक. मग पातेलं तिरकं करून कडेला बारीक कण चिकटलेत का, दूध किंचित तार धरतंय का, ते बघायचं. शेवटी डावभर दूध आचेवर धरायचं. खराब होऊ लागलेलं दूध थंडपणी शहाण्यासारखं दिसतं, पण ताव लागला की डावातच फुटतं. फक्त डावातलं वाया जातं आणि पातेल्याचं खरं कळतं.

त्या दिवशी ऊन असं होतं की पोरांनाही खेळायचा कंटाळा आला होता. मावशींची दाढ दोन दिवस ठणकत होती. जेवणाच्या सुमारास त्या दवाखान्यात निघाल्या.

"राजा, दूध दुपारी तापव. परातीत पाणी बदल. विसरू नकोस रे बाबा."

"आई, मी काय लहान आहे?"

"मी तापवते ना," सून म्हणाली.

"तू पोरं सांभाळ. तेवढं जमलं तरी पुष्कळ झालं."

त्या परत आल्या तेव्हा खालची दाढ गेली होती आणि अर्धं तोंड बधिर होतं. ओठ आपला आहे की शेजारणीचा तेही कळत नव्हतं. नाकात दवाखान्याचा औषधी वास भरलेला. स्वयंपाकघरात दूध उकळत होतं आणि राजा डाव घेऊन उभा होता. एवढ्या उशिरा का, असं त्यांच्या मनात आलं खरं; पण मुलगा चुलीपाशी उभा आहे हे दृश्यच इतकं दुर्मीळ होतं की त्यांना गहिवरून आलं.

तरी सवयीनं त्यांनी डाव घेतला, दूध आचेवर धरलं. उकळलं, नीट राहिलं. कडेला कण नाहीत, वास नाही.

"बघ," त्या सुनेला म्हणाल्या, "एकदाच सांगितलं, तरी केलंय त्यानं."

सुनेनं दूध निववून पेले भरले आणि पोरांत जाऊन बसली. तिनं पहिला पेला सगळ्यात धाकट्या पोरीच्या तोंडाला लावला. पोरीनं ओठ मिटून मान वळवली. सुनेनं परत लावला, परत मान. तिनं पोरीकडे बघितलं, मग स्वतः एक घोट घेतला. तो तिनं गिळला नाही. मोरीत जाऊन थुंकला आणि सगळे पेले उचलून आत आणले.

"आई, दूध बरं लागत नाही."

"आंबट वास येतोय?"

"नाही."

"फुटलंय?"

"नाही. पण साबणासारखं लागतंय. तुरट, खारट असं काहीतरी. आणि रंग बघा, रोजच्यासारखा पांढरा नाही. पिवळट आहे."

मावशींना हसू आलं असतं, पण हसायला तोंड नव्हतं. "पातेलं कोण घासतं या घरात? तू. साबण कोणी ठेवला? तू. आणि नाव दुधाचं. इतकी वर्षं मी दूध तापवतेय आणि ही मला शिकवणार."

"तुम्ही चाखून बघा."

मावशींनी चमचाभर तोंडात घेतलं. काहीच लागलं नाही. दूध काय नि पाणी काय, सारखंच. अर्धी जीभ दवाखान्यातच राहिली होती. पण हे सुनेला सांगायचं म्हणजे तिच्यापुढे हार मानायची.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "दे पोरांना."

"नाही देणार."

ती नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली, त्यामुळे मावशींना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागली. सून पेले हातात धरून दारातच उभी राहिली. पलीकडे पोरं भूक लागून कुरकुरायला लागली होती.

"अस्सं," मावशी म्हणाल्या. "राजा, इकडे ये. एवढं सायीचं दूध आहे, घे, पिऊन दाखव हिला."

राजा दारापर्यंत आला. रोज हाक मारायच्या आधी पातेल्यापाशी येणारा माणूस.

"मला नको, आई. पोट भरलंय."

"एक घोट घे."

"नको म्हटलं ना. उन्हात दूध बाधतं मला."

"कालपर्यंत नव्हतं बाधत."

राजानं भिंतीकडे बघितलं, मग पायाच्या अंगठ्याकडे. मावशी त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. लहानपणी काच फोडून आला की तो असाच अंगठ्याकडे बघायचा, आणि त्या काच फोडणारं शेजारचं पोर शोधायला निघायच्या.

"काय घातलंयस दुधात?"

"काही नाही. चिमूटभर सोडा."

हळूहळू सगळं बाहेर आलं. मावशी गेल्यावर त्यानं दुधाचं पातेलं परातीतून काढून चुलीशेजारच्या ओट्यावर ठेवलं, कारण गार पाण्यात त्याच्या सरबताच्या बाटल्या ठेवायच्या होत्या. मग जरा आडवा झाला. जाग आली तेव्हा आईची यायची वेळ झालेली. डावात तापवून बघितलं तर कडेला बारीक कण धरले. कोपऱ्यावरचा चहावाला असं दूध सोड्यानं सावरतो, हे त्यानं बघितलं होतं. पातेल्यात सोडा घालून ढवळलं, मग तापवलं, तर फुटलं नाही.

"आणि वाससुद्धा गेला," तो म्हणाला. त्यात थोडा अभिमानच होता.

सोड्यानं आंबटपणा तेवढा झाकला जातो, दूध काही सुधारत नाही, हे मावशींना माहीत होतं. परक्या बाईनं हे केलं असतं तर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार त्यांनी उभ्या उभ्या केला असता.

"पोरांना पाजायला निघाला होतास," त्या म्हणाल्या. "आणि स्वतःला नको."

"कोणी मेलं नसतं, आई. चहावाल्याकडे सगळं गाव पितं."

मावशींनी त्याच्याकडे नीट बघितलं. पोट सुटलेलं, केस विरळ, सदऱ्यावर सरबताचा डाग. मालक लोकांना माणसाची चांगली पारख असते, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. ज्या नजरेनं त्या सगळ्या जगाकडे बघत, ती नजर आता त्याच्यावर आली आणि तिथेच थांबली.

"ते पातेलं घे, मोरीत ओत. मग घास. आणि कढत पाण्यानं धू."

"मी?"

"दुसरा राजा आहे का इथे?"

सुनेनं पोरांना केळी कुस्करून दिली. मावशी बाजेवर गाल धरून बसल्या. भूल उतरायला लागली होती आणि दाढेच्या जागी कळ येत होती. मोरीत राजा पातेलं आपटून आपटून घासत होता.

"पोरांच्या आयांना सांगायला हवं," सून म्हणाली.

"कशाला? प्यायलं कुठे कोणी?"

"दूध का दिलं नाही ते विचारतील. आणि धाकटीच्या ओठाला लागलं होतं."

खोटं सांगायचं तर सून समोर होती, आणि ही बया खोट्याला मान डोलावणार नाही हे आज कळलं होतं. संध्याकाळी एकेक आई आली तेव्हा मावशींनी दारात उभं राहून सांगितलं, दूध खराब झालं, माझ्या मुलाच्या चुकीनं, धाकटीशिवाय कोणाच्या तोंडाला लागलं नाही. बऱ्याच जणी बरं म्हणून गेल्या. धाकटीच्या आईनं मात्र पोरीला उचलून घेतलं, सगळ्या बाटल्या आणि लंगोट पिशवीत भरले, आणि मावशींकडे अशा नजरेनं बघितलं की मावशींना ती नजर लगेच ओळखू आली. आजवर ती त्यांच्या मालकीची होती.

धाकटी पुन्हा आली नाही.

दुसऱ्या दिवशी दूध आलं तेव्हा मावशींनी सुनेच्या हातात डाव दिला. शाब्बास वगैरे म्हणाल्या नाहीत. तो शब्द त्यांच्याकडे नव्हताच.

"तू तापव. चाखून बघत जा. माझ्या तोंडाचा आता भरवसा नाही."

"दाढ बरी होईल की, आई."

"दाढेचं नाही बोलत मी."

सुनेनं पातेल्यात घोटभर पाणी घातलं आणि वर दूध ओतलं. राजा आतून विचारत होता, चहा झाला का. मावशींचं लक्ष चुलीकडे होतं.

"केवढी मोठी केलीस आच," मावशी म्हणाल्या. "अक्कल म्हणून नाही."

सुनेनं आच होती तेवढीच ठेवली आणि दूध वर यायची वाट बघत उभी राहिली.