व पत्नी

आमच्या चर्चला साठ वर्षं झाली म्हणून दाराशी एक शिला बसवायची ठरली. चर्च उघडल्यावर पहिल्या तीन वर्षांत मोठ्या वयात ज्यांचा बाप्तिस्मा झाला, त्या पहिल्या सभासदांची नावं तिच्यावर कोरायची, ज्याची तारीख आधी त्याचं नाव वर. यादी मोठ्या काकांनी केली, कारण समितीचे सेक्रेटरी तेच. त्यांनी ती रविवारी जेवताना आम्हाला वाचून दाखवली. नवव्या, शेवटच्या ओळीवर आजोबांचं नाव आलं आणि त्यापुढे दोन शब्द: व पत्नी.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी कागद ओढून घेतला. चुकीचं ऐकलं नव्हतं. आजी माझ्या समोरच बसून आमटी वाढत होती. काका तिचेच थोरले चिरंजीव.

आजी फक्त एवढंच म्हणाली की, तिचा बाप्तिस्मा आजोबांच्या बराच आधी झाला होता. ती तेव्हा मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होती, परीक्षा व्हायची होती, आजोबांना तिने अजून पाहिलंही नव्हतं. तारीख आठवत नाही, पण पावसाळा नुकताच संपला होता. काका हसले. चर्चच्या कुटुंबवहीत दोघांची तारीख एकच आहे, आणि आईच्या आठवणीवर दगड कोरत नसतात, असं म्हणाले. मग वर, "तुला काय फरक पडतो, आई? नाव घरातलंच आहे."

आजी ताटं उचलायला लागली. माझ्या मात्र कानांतून वाफा निघत होत्या. इतकी वर्षं घरात सगळे सांगत आलेत की आजोबांनी आजीला देवळातून चर्चमध्ये आणलं. ती जर आधीच तिथे होती, तर कुणी कुणाला आणलं?

सोमवारी शाळा सुटल्यावर मी थेट चर्चच्या कार्यालयात गेले. तिथले कारकून म्हणजे शिक्केकाका. पावती असो, पत्र असो, शेजाऱ्याने आणलेला अर्ज असो, हाताला लागेल त्यावर शिक्का मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी कुटुंबवही काढली आणि आमचं पान दाखवलं. आजोबांच्या नावापुढे फेब्रुवारीतली तारीख. खाली आजीचं नाव, आणि तारखेच्या रकान्यात दोन बारीकशा रेघा, वर लिहिलंय तेच खाली, अशा अर्थाच्या.

हाच तो पुरावा. दोन रेघा! कुणीतरी खुर्चीत बसून घरोघरची माणसं एका पानावर उतरवत होता, नवऱ्याची तारीख लिहिली आणि बायकोसाठी बाप्तिस्म्याची मूळ वही उघडायचा कंटाळा आला. मी विचारलं, ही वही कधी लिहिलीय? शिक्केकाकांनी पहिलं पान बघितलं. आजी-आजोबांच्या लग्नानंतर अकरा वर्षांनी. म्हणजे ही नोंद नव्हेच, नकलेची नक्कल.

मी म्हटलं, मग खरी बाप्तिस्म्याची वही दाखवा. ती जाडजूड होती, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि तिला सूचीच नव्हती. नोंदी ज्या दिवशी बाप्तिस्मा झाला त्या क्रमाने. "तारीख सांग, मिनिटात पान काढतो," शिक्केकाका म्हणाले. "तारीख नसेल तर शेकड्यांनी नावं आहेत, आणि या वह्यांना बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही." तारीख शोधायला आधी तारीख पाहिजे. मला हसावं की ओरडावं कळेना.

तेवढ्यात फादर आत आले. ते आमच्याकडे नवीनच आलेत, तरुण आहेत. त्यांनी मला शांतपणे विचारलं, लग्न कधी झालं ते तरी माहीत आहे का? माहीत म्हणजे काय, आमच्या दिवाणखान्यातल्या फोटोखाली लिहिलेलंच आहे, सतरा मे. फादर म्हणाले, मग लग्नाची वही काढा, कारण चर्चमध्ये लग्न लावायचं तर दोघांचा बाप्तिस्मा झालाय का, कुठे आणि कधी, हे आधी तपासून लिहावं लागतं.

शिक्केकाकांनी कुरकुरत कपाटाचं दुसरं दार उघडलं. सतरा मे सापडायला खरंच मिनिट लागलं. वराचा बाप्तिस्मा, त्याच वर्षीचा फेब्रुवारी, हे चर्च. वधूचा बाप्तिस्मा, दवाखान्याचं प्रार्थनागृह, ऑक्टोबरची एकोणीस तारीख. आणि वर्ष? मी बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. आजोबांच्या आधी दोन वर्षं चार महिने.

दवाखान्याला स्वतःची वही नव्हती, तिथले बाप्तिस्मे याच चर्चच्या वहीत लिहायचे, असं फादरांनी सांगितलं. म्हणून जाड वही पुन्हा उघडली, ऑक्टोबर काढला. एकोणीस तारीख, क्रमांक चौदा. आजीचं माहेरचं जुनं नाव, बाप्तिस्म्याचं नवं नाव, वय अठरा, तिच्या वडलांचं नाव, साक्षीदार दवाखान्याची मेट्रन, खाली त्यावेळच्या फादरांची सही. आणि समासात वेगळ्या शाईने, उभं लिहिलेलं: लग्न, सतरा मे, सोबत आजोबांचं नाव. लग्न झालं की ज्या पानावर बाप्तिस्मा आहे तिथे अशी टीप लिहायचीच असते. म्हणजे तीच बाई, संशयच नाही. सगळं अगदी नीट लिहून ठेवलं होतं. फक्त अकरा वर्षांनी एकाला पान उलटावंसं वाटलं नाही, आणि साठ वर्षांनी दुसऱ्याला.

मी ते शिक्केकाकांना बोलूनही दाखवलं. ते चष्मा पुसत राहिले.

फादरांनी कुटुंबवहीतल्या त्या दोन रेघांवर आडवी रेघ मारली, शेजारी खरी तारीख लिहिली, वहीचा, पानाचा आणि नोंदीचा क्रमांक टाकला, सही केली. मग तोच उतारा एका कागदावर करून दिला. त्यावर शिक्का मारताना शिक्केकाकांचा हात जरा जास्तच जोरात पडला.

कागद घेऊन मी काकांकडे गेले. ते शिलेच्या कारागिराकडे होते, त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सगळीकडे पांढरी धूळ. दगड आडवा ठेवलेला, त्यावर सगळी यादी पेन्सिलने आखलेली, कोरायचं उद्यापासून. काकांनी उतारा दोनदा वाचला. मग म्हणाले, बरं, चूक झाली, "व पत्नी" काढून आजोबांच्या शेजारी आईचं नाव घालू, जोडीने छान दिसेल.

मी म्हटलं, यादी तारखेने आहे ना, मग आजी तिसऱ्या ओळीवर येते, आणि आजोबा दहाव्यावर जातात. एवढंच जोडीचं प्रेम असेल तर आजीच्या नावापुढे लिहा "व पती". कारागीर खाली मान घालून हसला. काका नाही हसले. सात ओळी पुन्हा आखाव्या लागतील, म्हणाले. कारागीर म्हणाला, पेन्सिल आहे साहेब, पुसायला फडकं पुरे.

तेव्हा काकांनी शेवटचा डाव टाकला. आईलाच विचारू, तिला असला दिखावा आवडणार नाही. त्यांनी फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि अगदी गोड आवाजात विचारलं की, मी कारागिराकडेच उभा आहे, तुझं नाव बाबांच्या शेजारी घातलं तर चालेल ना?

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"तारीख सापडली?" आजीने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "एकोणीस ऑक्टोबर."

आजी म्हणाली, "त्यांची तारीख त्यांच्या जागी, माझी माझ्या जागी. फोन त्या कोरणाऱ्याला दे."

काकांनी फोन मुकाट्याने पुढे केला. कारागिराने कानामागची पेन्सिल काढली, फडक्याने तिसऱ्या ओळीपासून खालचं सगळं पुसलं आणि म्हणाला, सांगा आजी. ती एकेक अक्षर सावकाश सांगत गेली, तो मोठ्याने म्हणत लिहीत गेला, आणि मध्येच तिने त्याला थांबवलं.

"पहिली काढलीस की काय? दुसरी वेलांटी काढ."