गोडी आहे, वजन नाही

सकाळी कॉफी मशीनपुढे गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य ठेवला, तेव्हा प्रबोध हसला होता. म्हणाला, "साधना, मशीन इटलीचं आहे. त्याला गूळ कसा चालेल?"

"चालेल की. सिंगापुरात आल्यावर मला इथली कॉफी, ती कोपी, चालली ना!"

हसायला त्याचं काय जातंय? तो नवरा, शिवाय सॉफ्टवेअरवाला, आणि आज सुट्टी घेऊन मदतीला आलेला. मी मात्र अठरा वर्षांची बँकेची नोकरी सोडून बुओना व्हिस्टाला एका ऑफिसच्या इमारतीत तळमजल्यावर कॉफीचं दुकान थाटलं होतं. सहा वाजता ऑफिसं सुटली की माझ्या खुर्च्या ओस पडायच्या. आता इमारतीच्या गच्चीवर संध्याकाळची जागा निघाली होती. झाडं, दिवे, वारा, सगळं काही! ती मला हवी होती. नुसती हवी नव्हती, रोज लिफ्टने वर जाऊन मी ती बघून यायचे.

जागा कुणाला द्यायची, हे इमारतीच्या मॅनेजर मिस टॅन ठरवणार होत्या. मी आणि पलीकडचा एक बेकरीवाला, असे दोघेच उरलो होतो. मिस टॅननी एकच अट घातली होती. आयरिश कॉफी, म्हणजे व्हिस्की घातलेली, करून दाखवायची. खाली काळी कॉफी, वर पांढरी क्रीम, मधे रेघ. "रेघ नसेल तर ती दुधाची कॉफी झाली. तसली देणारी दहा दुकानं आहेत मला."

तीन आठवडे मी तेच करत होते. क्रीम फेटून घट्ट केली की कुणीही तरंगवेल. मला ती दाट, थंडगार, न फेटता ओतायची होती, म्हणजे ओठाला रेशमासारखी लागते. शेवटी हात बसला. लागोपाठ बावीस ग्लास. एकदाही चुकले नाही.

साडेचारला मिस टॅन आल्या. घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "फाइव्ह ओ'क्लॉक माय कार कमिंग. कॅन?"

"कॅन, कॅन!" मी म्हणाले. म्हणजे, जमेल, जमेल!

ग्लासात गरम पाणी ओतून तो तापवला, पाणी फेकलं. व्हिस्की घातली. साखरेच्या पाकाची बाटली दाबली, वर कडक गरम कॉफी, आणि छान ढवळलं. फ्रिजमधून क्रीम काढली. चमचा पालथा करून कॉफीला टेकेल न टेकेल असा धरला आणि त्याच्या पाठीवरून बारीक धार सोडली.

क्रीम बुडाली.

पांढरे दोरे खाली खाली गेले आणि बघता बघता सगळा ग्लास मातकट झाला. मी हसले. कसनुसं. "वन मोअर," म्हणाले. दुसऱ्या ग्लासात चमचा आणखी खाली धरला, धार आणखी बारीक केली. श्वासही घेतला नाही. पुन्हा तेच!

"ड्राउन ऑलरेडी, लाह," मिस टॅन हळूच म्हणाल्या. टोमणा नव्हता, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच वाजायला तेरा मिनिटं होती. प्रबोध सिंकपाशी फडकं पिळत उभा होता. तेच फडकं, पुन्हा पुन्हा.

हात तोच, चमचा तोच, क्रीम तीच. मग बिघडलं काय? मी बुडालेल्या ग्लासातला एक घोट घेतला. गोड होतं. चांगलं गोड. पण गिळल्यावरही तो गोडवा जिभेवरून हलेना. ही चव माझ्या ओळखीची होती. रोज सकाळी घरी प्रबोधचा कप विसळण्याआधी चुकून घोट घेतला की हीच चव लागायची.

"प्रबोध, त्या बाटलीत काय आहे?"

त्याने फडकं खाली ठेवलं. "स्टीव्हिया. मी घरी घेतो ते बिनसाखरेचे गोड थेंब. अगं, पाक संपत आला होता. आणि हल्ली सगळे कमी साखरेचंच मागतात ना. मी चाखून पाहिलं, तेवढंच गोड आहे."

"गोडी आहे रे, वजन कुठाय?" माझा आवाज दुकानभर घुमला. मिस टॅन दचकल्या. म्हटलं, आता लपवायचं तरी काय! त्यांना इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. क्रीममध्ये स्निग्धांश भरपूर, म्हणून ती हलकी. पण गरम कॉफीही हलकी असते, त्यात व्हिस्की पडली की आणखीच. तिला जड करते ती विरघळलेली साखर. ती चांगली दोन-तीन चमचे पडली की क्रीम वर राहते. स्टीव्हियाचे चार थेंब जीभ फसवतात, क्रीमला फसवत नाहीत.

"सो, पुट शुगर," मिस टॅन म्हणाल्या. इतकं सोपं!

मी कपाट उघडलं. साखर नाही. टेबलावरच्या पुड्या पाहिल्या. सगळ्या हिरव्या, शून्य कॅलरीवाल्या. मी प्रबोधकडे पाहिलं.

"त्याही बदलल्या," तो म्हणाला. "मी वर पळत जाऊन कुठून तरी..."

"थांब!"

मशीनपुढे वाटी होती. गूळ-खोबऱ्याची.

मी खोबरं बाजूला केलं, गुळाचा खडा बत्त्याने फोडला. गुळाच्या चहात दूध फाटतं, हे आठवून क्षणभर हात थबकला. पण इथे दूध उकळायचंच नव्हतं. थंड क्रीम नुसती वर बसणार होती. भरपूर गूळ गरम कॉफीत टाकला, शेवटचा खडा विरघळेपर्यंत ढवळत राहिले, आणि ते गाळून तापवलेल्या ग्लासात व्हिस्कीवर ओतलं. ढवळलं. कॉफीचं गरगरणं थांबू दिलं. चमचा पालथा केला.

"धार तुटू देऊ नकोस," प्रबोध कुजबुजला.

"तू गप्प बस."

पहिला थेंब चमच्यावरून घसरला, कॉफीला टेकला आणि पसरला. वरच! मग दुसरा, मग सलग धार. धार वाढत गेली तसतसा मी चमचा वर उचलत गेले. बोटभर जाडीचा पांढरा थर चढला आणि खाली काळी कॉफी तशीच्या तशी. मधे रेघ, पट्टीने आखावी अशी. माझ्या तोंडून चक्क किंचाळी निघाली.

मिस टॅननी चमच्याकडे हात नेला. "नो, नो! ढवळायची नाही," मी मराठीतच ओरडले. त्यांना कळलं. ग्लास तसाच ओठाला लावून त्यांनी थंड क्रीमखालून गरम कॉफी ओढून घेतली. डोळे मिटले. उघडले तेव्हा वरच्या ओठावर पांढरी मिशी होती.

"व्हॉट शुगर इज धिस?"

"गूळ," मी म्हणाले. "जॅगरी. फ्रॉम माय पूजा."

त्यांनी ग्लास पुरता रिकामा केला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, तरी केला. मग पर्स उचलत म्हणाल्या, "गच्चीवर हीच द्यायची. गुळाची. शुक्रवारपासून सुरू कर, कॅन?"

कॅन! मी काउंटरला वळसा घालून धावले आणि त्यांना मिठी मारली. सिंगापुरात असं कुणी करत नाही. त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि त्या निघून गेल्या.

प्रबोध कोपऱ्यातच उभा होता. "तुझं वाटोळं करत होतो मी," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. माझेही आले. तीन आठवडे रोज रात्री हा माझ्यासमोर बसून ग्लास मोजत होता, हे मला एकदम आठवलं.

मी ते दोन्ही बुडालेले, मातकट ग्लास त्याच्यापुढे सरकवले.

"हे तुझेच. साखर अजिबात नाही. पी!"