दहा ओळींचं उत्तर

दुपारी माझ्या खोलीत उजेड पानांतून गाळून येतो आणि आजारी झाडांचे फोटो बघता बघता किती वाजले ते मी विसरते. झाडं तपासणं हा माझा व्यवसाय. झाडं बिचारी सावकाश आजारी पडतात. घाई असते ती माणसांना.

त्या बाईंना तर फारच होती. ना ओळख ना पाळख, आणि घरच्या एका झाडाबद्दल चार पानी ईमेल. फोनवर दोन तास बोलायचं होतं, तेही फुकट, कारण मला झाडांची माया आहे असं त्यांनी ऐकलं होतं. माया आहेच. त्या मायेपायी मी पूर्वी अख्ख्या दुपारी फोनवर घालवल्यात, आणि माझी थोरली बहीण अजून चिडवते, आज कुणाच्या कुंडीचं गाऱ्हाणं ऐकलंस म्हणून.

मी लिहिलं, "एवढा वेळ मला विनामूल्य देता येणार नाही. तीन फोटो पाठवा: पूर्ण झाड, शेंडा, आणि खोड मातीत शिरतं ती जागा. सोबत एकच प्रश्न. शुक्रवारपर्यंत दहा ओळींत लेखी उत्तर देईन, त्याचे पैसे नाहीत. सविस्तर बोलायचं असेल तर तासाची फी खाली दिली आहे."

उत्तर फणकाऱ्यानं आलं. वडिलांनी लावलेलं तीस वर्षांचं झाड दहा ओळींत कसं मावणार? मग दोन दिवस शांतता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी फोटो आले. खाली एवढंच, "हे माझ्यामुळे मरतंय का?"

शेंडा विरळ झाला होता. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीशी पसरतो. हे खोड खांबासारखं सरळ मातीत गेलं होतं. मी ती चार पानं पुन्हा वाचली. तिसऱ्या पानावर ओझरता उल्लेख होता: वडील गेल्यापासून त्या दर रविवारी बुंध्याशी टोपलीभर चांगली माती घालत होत्या.

मी कितीतरी वेळ त्या फोटोतच होते. खाली काळोखात मुळं श्वास कोंडून पडलेली, वर रविवारमागून रविवार टोपली रिती होतेय. फोनवर असते तर नक्की म्हणाले असते, तसं नाही हो, मनाला लावून घेऊ नका. दहा ओळींत त्याला जागा नव्हती.

"हो," मी लिहिलं. "मातीच्या थरानं मुळांना हवा मिळत नाही आणि साल कुजते. बुंधा पसरलेला दिसेपर्यंत माती हातानं काढा, मुळं दुखवू नका. खत नको. वाचेल की नाही ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही."

पाठवलं आणि तेच फोटो पुन्हा उघडले.

संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं. "हो लिहिलंत ते बरं केलंत. सगळे नाही नाही म्हणत माझी समजूत घालायचे, म्हणून मी माती घालतच राहिले. आता उकरतेय. वीतभर खाली आलेय, पसरलेला बुंधा अजून लागला नाही."